चौदाव्या ओळीतला f

कलकत्त्यात मे 1855 मध्ये झालेला बुद्धिबळाचा एक डाव आज अठरा ओळींच्या कागदावर मावतो. पांढरी मोहरी होती जॉन कॉक्रेन यांच्याकडे. ते मूळचे स्कॉटलंडचे, कलकत्त्यात वकिली करणारे बॅरिस्टर आणि त्या काळातले नावाजलेले खेळाडू. काळी मोहरी होती महेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे. ते देशी नियमांच्या बुद्धिबळात तयार झाले आणि नंतर युरोपीय नियमांकडे वळले. दोघांचे अनेक डाव झाले आणि त्यातल्या बऱ्याच डावांच्या नोंदी टिकल्या. हा डाव कॉक्रेन जिंकले. शाळकरी खेळाडूला स्कोअरशीट वाचायला शिकवायचं, तर हा डाव फार सोयीचा. तो छोटा आहे, शेवट थरारक आहे आणि हरणाऱ्याची चूक जिथे दिसते तिथे ती झालेलीच नाही.

आधी कागद समोर ठेवू. मोहऱ्यांची अक्षरं शाळेच्या स्पर्धांमध्ये लिहितात तीच: K राजा, Q वजीर, R हत्ती, B उंट आणि N घोडा. प्याद्याला अक्षर नसतं, नुसतं घर लिहितात. x म्हणजे मारलं, + म्हणजे शह, # म्हणजे मात आणि O-O म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग.

1. d4 Nf6
2. c4 g6
3. Nc3 d5
4. e3 Bg7
5. Nf3 O-O
6. cxd5 Nxd5
7. Be2 Nxc3
8. bxc3 c5
9. O-O cxd4
10. cxd4 Nc6
11. Bb2 Bg4
12. Rc1 Rc8
13. Ba3 Qa5
14. Qb3 Rfe8
15. Rc5 Qb6
16. Rb5 Qd8
17. Ng5 Bxe2
18. Nxf7 Na5

नोंद इथेच थांबते, कारण पुढच्या तीन खेळ्यांत मात अटळ आहे. ती अशी: 19. Nh6+ Kh8 20. Qg8+ Rxg8 21. Nf7#.

हा कागद पहिल्यांदा हातात घेणारा मुलगा थेट शेवटाकडे धावतो. वजीर बळी देऊन घोड्याने मात म्हटल्यावर नजर तिथे जाणारच. मग तो सांगतो, “अठराव्या खेळीला काळा चुकला.” मात अठराव्या खेळीनंतर झाली हे खरं, पण तोवर काळ्याकडे एकही सुखाची खेळी उरली नव्हती. चूक कुठे झाली ते कळायला डाव पटावर मांडून एकेक ओळ पुढे जायला हवं.

पहिल्या तेरा ओळी जरा भरभर घेता येतात. दुसऱ्या ओळीत काळा g6 खेळतो आणि चौथ्या ओळीत उंट g7 वर बसवतो. प्यादी मध्यात लगेच न घुसवता उंटाने लांबून मध्यावर नजर ठेवायची, ही देशी खेळाडूंची आवडती मांडणी. देशी नियमांत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, त्यामुळे अशी संथ मांडणी त्यांच्या अंगवळणी पडली असावी असं मानलं जातं. तिसऱ्या ओळीतल्या d5 ने जी सुरुवात तयार होते, तिला आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. ज्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डमुळे हे नाव पडलं, त्याने ती स्पर्धेत खेळली 1922 मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या या डावानंतर 67 वर्षांनी.

या तेरा ओळींत एक गोष्ट मात्र पेन्सिलीने खूण करून ठेवावी अशी आहे. सातव्या ओळीत काळ्याने आपला राजाच्या बाजूचा घोडा c3 वरच्या घोड्याशी बदलला. बदल वावगा नव्हता, कारण लगेच c5 खेळून पांढऱ्याच्या मध्याला धक्का देता आला. पण त्यामुळे f6 वर घोडा राहिला नाही. तो असता तर g4 या घरावर त्याचा पहारा राहिला असता. अकराव्या ओळीत काळ्याचा उंट नेमका g4 वर जाऊन बसतो, आणि त्याच्या पाठीशी कुणीच नाही. त्याच्या समोर e2 वर पांढऱ्याचा उंट आहे. दोघांच्या मधे फक्त f3 वरचा पांढरा घोडा उभा. तो हलला की दोन्ही उंट आमनेसामने येणार. आत्ता लगेच त्यातून काही होत नाही, पण शिल्लक राहिलेला हा हिशेब सतराव्या ओळीत चुकता होतो.

तेरावी ओळ: पांढऱ्याचा उंट a3 वर येऊन e7 च्या प्याद्यावर रोखतो. काळा वजीर a5 वर आणून त्या उंटावरच हल्ला करतो. चौदाव्या ओळीत पांढरा वजीर b3 वर येतो. इथे थांबून या एका खेळीची सगळी कामं मोजायची. वजिराने a3 च्या उंटाला आधार दिला, b7 च्या प्याद्यावर नजर टाकली आणि तिरक्या रेघेत c4, d5, e6 ही रिकामी घरं ओलांडून थेट f7 वर बोट ठेवलं. पहिली दोन कामं मुलांना चटकन दिसतात, तिसरं सहसा निसटतं.

f7 हे काळ्याच्या राजाला चिकटलेलं प्यादं. त्या क्षणी त्याला दोन राखणदार होते: g8 वरचा राजा आणि f8 वरचा हत्ती. आता काळ्याची खेळी पाहायची: Rfe8.

इथला f महत्त्वाचा आहे. काळ्याचे दोन्ही हत्ती e8 वर जाऊ शकत होते. एक f8 वरून, दुसरा c8 वरून, कारण वजीर a5 वर गेल्यामुळे d8 मोकळं होतं. म्हणून नुसतं Re8 लिहून भागत नाही, कोणता हत्ती ते सांगावं लागतं. शालेय स्पर्धेतल्या कागदांवर हे अक्षर हमखास गळतं. घरी डाव पुन्हा मांडताना मग चुकीचा हत्ती हलतो, चार-पाच खेळ्यांनी पटावरची मांडणी आणि कागद जुळेनासे होतात आणि “पुढचं काहीतरी चुकीचं लिहिलंय” म्हणून कागद बाजूला पडतो. या डावात तर त्या एका अक्षरावर सगळी उकल अवलंबून आहे. f8 चा हत्ती सरकला म्हणजे f7 चा एक राखणदार गेला आणि उरला एकटा राजा. c8 चा हत्ती सरकला असता तर f7 वरचा पहारा कायम राहिला असता. ती खेळी एरवी चांगली ठरली असती की नाही, हा प्रश्न वेगळा.

काळ्याने हे का केलं असेल, हेही मुलाकडून काढून घ्यावं. a3 च्या उंटाचा रोख e7 वर होता आणि त्याला c6 च्या एकट्या घोड्याचा आधार होता, म्हणून हत्तीने आणखी आधार दिला. खेळी मूर्खपणाची नाही. एक प्यादं भक्कम केलं आणि त्याच हाताने शेजारचं उघडं पाडलं, एवढंच. नवशिक्यांच्या डावांत निर्णायक वळणं बहुतेकदा अशीच असतात. मोहरं फुकट गेलेलं नसतं, शह बसलेला नसतो, म्हणून खेळणाऱ्याला ती जाणवतही नाहीत. मोहरं हलवताना ते नव्या घरातून काय करणार एवढंच पाहिलं जातं, जुन्या घरातून ते काय करत होतं याचा विसर पडतो.

पंधराव्या ओळीत पांढरा हत्ती c5 वर येऊन काळ्या वजिरावर हल्ला करतो. काळा वजीर b6 वर जाऊन समोरच्या वजिराला बदलीचं आमंत्रण देतो. वजीर बदलले गेले असते तर f7 वरचं संकट तिथेच विरलं असतं. कॉक्रेन बदली नाकारतात आणि हत्ती b5 वर आणून वजिराला पुन्हा हुसकावतात. वजीर d8 वर परततो.

आता पांढऱ्याला b7 चं प्यादं फुकट दिसतं. हत्ती b5 वरून सरळ ते खाऊ शकतो आणि त्याला आधार कुणाचाच नाही. पट मांडून मुलांना “तू काय खेळशील?” विचारलं तर बहुतेक हात b7 कडेच जातात. मग c6 च्या काळ्या घोड्याकडे बोट दाखवावं. हत्तीने b7 खाल्लं की घोडा a5 वर उडी मारतो आणि तिथून एकाच वेळी b7 च्या हत्तीवर आणि b3 च्या वजिरावर हल्ला करतो. वजीर वाचवला की हत्ती जातो, बदल्यात फक्त घोडा मिळतो. ते प्यादं म्हणजे आमिष होतं. ही a5 वरची उडी लक्षात ठेवायची, कारण काळा ती पुढे खेळतोच, फक्त भलत्या वेळी.

कॉक्रेन यांनी b7 ला हात लावला नाही. सतरावी खेळी Ng5. घोडा f3 वरून निघाला आणि एका हालचालीत दोन हल्ले झाले. घोडा आणि वजीर मिळून f7 वर रोखून बसले, आणि मधला अडसर दूर झाल्याने e2 च्या उंटाचा रोख g4 च्या बिनआधाराच्या उंटावर आला. अकराव्या ओळीपासून शिल्लक असलेला हिशेब तो हाच.

या खेळीत आणखी एक बारकावा आहे. काळा e6 खेळून d8 च्या वजिराची तिरकी रेघ उघडू शकतो आणि g5 च्या घोड्यावर हल्ला करू शकतो. घोड्याच्या आसपास आधार दिसत नाही. पण b5 वरचा हत्ती पाहा: पाचव्या आडव्या रांगेत c5, d5, e5, f5 ही सगळी घरं रिकामी आहेत, त्यामुळे पटाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तो हत्ती g5 ला आधार देतो आहे. e6 नंतर पांढरा g4 चा उंट खातो, आणि काळ्या वजिराने घोडा खाल्ला तर हत्ती वजिराला खातो. मुलांनी हे स्वतः शोधलं तर उत्तमच. नाही सापडलं, तर बोट b5 वर ठेवून ते रांगेत उजवीकडे सरकवत न्यावं.

काळा उत्तर देतो Bxe2. कागदावर ही खेळी झकास दिसते. एक उंट मिळाला, शिवाय e2 वरून तोच उंट f1 च्या हत्तीवर आणि b5 च्या हत्तीवर एकदम हल्ला करतो आहे. फक्त मोहरी मोजणाऱ्याला इथे काळा जिंकत असल्याचं वाटेल. डावातलं दुसरं वळण हेच आहे, आणि पहिल्यापेक्षा ते ओळखणं सोपं, कारण इथे दुसरी वाट होती. g4 चा उंट मागे e6 वर गेला असता तर वजीर आणि f7 यांच्यामधली तिरकी रेघ बंद झाली असती आणि उलट पांढऱ्या वजिरावरच हल्ला झाला असता. त्यानंतरही काळ्याची ओढाताण संपली नसती. घोडा तो उंट खातो, f7 चं प्यादं घोड्याला खातं, वजीर e6 वर शह देत प्यादं उचलतो. पण एका प्याद्याने मागे पडून खेळत राहणं आणि चार खेळ्यांत मात होणं यात फार अंतर आहे.

अठराव्या ओळीत Nxf7. आता राजाने घोडा का खाल्ला नाही, हा प्रश्न मुलं विचारतातच. b3 चा वजीर मागून f7 वर रोखून आहे, म्हणून राजाला तिथे पाय ठेवता येत नाही. f8 वर हत्ती असता तर त्याने घोडा मजेत खाल्ला असता. चौदाव्या ओळीतल्या अक्षराची किंमत इथे कळते. शिवाय f7 वरून घोडा d8 च्या वजिरावर हल्ला करतो आहे, आणि त्याहून मोठं संकट म्हणजे घोडा तिथून हलला की वजिराची रेघ राजावर उघडते.

आणि आता काळा खेळतो ती उडी, Na5. वजिरावर हल्ला, कल्पना जुनीच. पण सोळाव्या खेळीनंतर पांढऱ्याने b7 खाल्लं असतं तर जी खेळी हत्ती मिळवून देणार होती, ती आता रिकामी जाते, कारण पांढऱ्याची पुढची खेळी शहाची आहे आणि शह असताना वजिराला मारायला सवडच नाही.

19. Nh6+ हा दुहेरी शह. घोड्याचाही आणि मागून वजिराचाही. दुहेरी शहात मोहरं मधे घालून किंवा शह देणाऱ्याला मारून भागत नाही, कारण एक शह थांबवला तरी दुसरा उरतो. g7 चा काळा उंट घोड्याला खाऊ शकतो, पण वजिराचा शह तसाच राहतो. म्हणजे राजालाच हलायला हवं. तो f8 वर गेला तर वजीर f7 वर येऊन मात, कारण तिथे त्याला घोड्याचा आधार आहे. म्हणून h8. मग वजीर सरळ g8 वर जाऊन बसतो. घोड्याचा आधार असल्याने राजा त्याला खाऊ शकत नाही. खाऊ शकतो तो फक्त e8 चा हत्ती, आणि त्याने खाल्ल्यावर g8 हे राजाचं शेवटचं मोकळं घरही भरून जातं. आपल्याच हत्तीने, उंटाने आणि h7 च्या प्याद्याने राजाला कोंडलेलं असताना घोडा f7 वर परततो आणि मात. तो हत्ती तोच, चौदाव्या खेळीला f8 वरून e8 वर गेलेला.

पटावर एवढं झाल्यावर वाचनाचा दुसरा अर्धा भाग सुरू करायचा, आणि तो उलट दिशेने. शेवटच्या मांडणीपासून एकेक ओळ मागे यायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे काळ्याला मात टाळता आली असती का? अठराव्या ओळीत e6 खेळून रेघ बंद केली असती तर तीन खेळ्यांतली मात टळली असती. वजीर गेला असता, बदल्यात b5 चा हत्ती मिळाला असता. डाव लांबला असता, पण पारडं पांढऱ्याचंच जड. सतराव्या ओळीत Be6 होतं, तिथे नुकसान कमी. चौदाव्या ओळीपर्यंत मागे गेलं की पट शांत आहे. मोहरी सारखी आहेत, राजे सुरक्षित आहेत आणि काळ्यापुढे अनेक वाटा आहेत. ज्या ओळीच्या आधी वाटा अनेक आणि नंतर त्या झपाट्याने कमी होत जातात, ती वळणाची ओळ. पुढे जाताना ती सापडत नाही, मागे येताना सापडते.

हीच रीत मुलाने स्वतःच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेतल्या कागदावर वापरायची. त्यासाठी कागद पुरा हवा. जागतिक संघटना फिडेच्या नियमांनुसार क्लासिकल डावात दोघांनाही खेळ्या लिहाव्या लागतात. आधी मोहरं हलवायचं, मग लिहायचं. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल आणि दर खेळीला किमान 30 सेकंदांची भर मिळत नसेल, तेव्हाच लिहिण्यातून सूट. वळणाच्या ओळी बऱ्याचदा याच घाईच्या भागात असतात, म्हणून न लिहिलेल्या खेळ्या डाव संपताच, प्रतिस्पर्धी समोर असतानाच, त्याच्या मदतीने भरून घ्याव्यात. संध्याकाळपर्यंत त्या आठवत नाहीत.

या डावाच्या कागदावर मुलाने समासात लिहिलेल्या नोंदी थोड्याच असाव्यात. चौदाव्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आणि “f7 ला फक्त राजा”. सोळाव्यापुढे “b7 नको, Na5”. सतराव्यात पांढऱ्याच्या खेळीला उद्गारचिन्ह, काळ्याच्या खेळीला दोन प्रश्नचिन्हं आणि शेजारी Be6. बाकीच्या ओळी कोऱ्या राहिल्या तरी चालतात. प्रत्येक खेळीवर शेरा मारलेल्या कागदात वळण शोधणं पुन्हा अवघडच होतं.

पुढच्या आठवड्याला याच दोघांचा कलकत्त्यातला 1848 चा डाव घ्यावा. तो असा सुरू होतो: 1. e4 e5 2. Nf3 Nf6 3. Nxe5 d6 4. Nxf7. कॉक्रेन यांचा घोडा पुन्हा f7 वर, तोही चौथ्याच खेळीला. या बळीला आज कॉक्रेन गॅम्बिट म्हणतात. तिथे मात्र राजा घोडा खातो, कारण त्या क्षणी पांढऱ्याचं दुसरं कुठलंच मोहरं f7 वर रोखून नसतं.